हात वर करायचा प्रश्न

निवृत्त झाल्यावर सिस्टर वाचनालयात पक्षाघाताची लक्षणं सांगणारी व्याख्यानं देऊ लागल्या. लोक पेंगू नयेत म्हणून त्या संहितेतच प्रश्न पेरत. पहिला प्रश्न अगदी सोपा असे: "घरात कुणाला रक्तदाबाची गोळी चालू आहे?" विचारताना त्या स्वतःच आधी हात वर करत, म्हणजे ऐकणाऱ्यांचा संकोच जाई.

त्या दिवशी पुढचा प्रश्न आला. "तोंड वाकडं दिसूनही 'सकाळी बघू' असं किती जण म्हणालात? करा हात वर." इथे लोक ओशाळून हसतील, असा त्यांचा हिशोब होता.

शेवटच्या रांगेतल्या एका आजोबांचा हात वर गेला. तो खाली येईना.

"मी म्हणालो होतो, सिस्टर," ते हळूच म्हणाले. "सकाळी बायको उठलीच नाही."

सिस्टर व्यासपीठावरून उतरल्या, आजोबांच्या शेजारी बसल्या आणि तो हात त्यांनी आपल्या हातात घेतला. व्याख्यान तिथेच संपलं.

घरी येऊन त्यांनी तो प्रश्न खोडला. त्या जागी लिहिलं: "'सकाळी बघू' असं कुणाच्याही मनात येईल, नाही का?" आणि कंसात स्वतःसाठी सूचना टाकली, 'उत्तर मागायचं नाही. क्षणभर थांबून पुढे जायचं.'

पुढच्या खेपेला लोकांनी नुसत्या माना डोलावल्या. सिस्टर क्षणभर थांबल्या, पण पुढे बोलताना त्यांचा आवाज कापला.