धार

आमच्या शाळेतल्या सरांच्या तासाला कुणी करंगळी वर केली, की सर म्हणत, "तास संपेपर्यंत धीर धर." आम्ही पाय एकमेकांवर दाबून भूगोल शिकलो. पण काय शिकवायचे! नदी फळ्यावर खडूने वाहायची.

निवृत्तीनंतर सर आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात आले. मंडळात शिंपीकाका, बँकेतल्या ताई आणि मी, औषधांच्या दुकानाचा मालक. चालताना आम्ही गुडघ्यापासून बद्धकोष्ठापर्यंत सगळं बोलायचो. सर मात्र "ठणठणीत!" म्हणून मोकळे व्हायचे. तरी बागेच्या फाटकाजवळ रोज मागे राहायचे आणि बराच वेळ तिथल्या स्वच्छतागृहात असायचे. मला शंका होती, पण सरांना विचारणार कोण?

थंडीत सर दुकानात सर्दीची गोळी घ्यायला आले. त्या गोळीने नाक मोकळं होतं, पण प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते. म्हणून विचारलं, "सर, लघवीचा काही त्रास?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. सर कडाडले, "काही नाही रे!" मी पुढे न विचारता गोळ्या दिल्या. त्याचा राग मला अजून येतो, स्वतःचाच.

तिसऱ्या दिवशी सर फिरायला आले ते पोट धरून. बाकाची पाठ घट्ट पकडलेली, कपाळावर घाम. शिंपीकाका जवळ गेले. "सर, अडलीय का? माझी अडली होती. नळी घातली, जीव भांड्यात पडला. लाजताय कशाला?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईंकडे, मग मान खाली घातली. "काल संध्याकाळपासून थेंब नाही. वाटलं, चाललो की होईल."

मी रिक्षा बोलावली. दवाखान्यात नळीतून लिटरभर लघवी निघाली. सरांचा चेहरा हळूहळू सैल पडला. "अजून थांबला असतात, तर मूत्रपिंडांवर आलं असतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी रक्त तपासायला दिलं, सोनोग्राफी सांगितली, सर्दीच्या गोळ्या बंद केल्या आणि प्रोस्टेटच्या सुरू केल्या. नळी तीन दिवसांनी काढून बघायची होती.

"त्रास कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं. सरांचा मुलगा नुकताच धावत आला होता.

"दोन वर्षं. धार बारीक. रात्री चारदा उठतो."

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्यासमोर वडील म्हणून उभं राहायचं होतं रे," सर म्हणाले आणि रडले. मी तोंड फिरवलं.

नळी निघाल्यानंतरच्या सकाळी आम्ही बाकाजवळ जमलो होतो. सर लांबूनच येताना दिसले. सगळा रस्ता ऐकेल अशा, वर्गातल्या त्याच आवाजात ते ओरडले, "ऐका रे सगळे! आज धार चांगली आली!"

ताईंनी टाळ्या वाजवल्या.