जुना मॉनिटर आणि नवं मशीन

मी विम्याची एजंट झाले तेव्हा पुण्यात दर तिसऱ्या घरातला मुलगा कॉम्प्युटर शिकत होता. नारायण पेठेत एका गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं. पिंपरीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि मिळालेली सगळी पुंजी त्या दुकानात ओतली होती. पुढे विकायचे मॉनिटर आणि प्रिंटर, मागे फोटोकॉपीचं मोठं मशीन. दुकान गेलं की संसार गेला, असा सरळ मामला. त्या दुकानाची पॉलिसी मिळाली म्हणून मी इतकी खूश होते की स्कूटरवर गुणगुणत गेले.

गेले आणि डोकंच फिरलं. त्यांनी विम्याचे आकडे आधीच लिहून ठेवले होते आणि दोन्ही नेमके उलटे. मॉनिटरच्या प्रत्येक खोक्यावर खरेदीची किंमत चिकटवलेली होती. तिचीच बेरीज त्यांनी मालाचा विमा म्हणून मांडली. मशीनसाठी मात्र हिशेबनिसाने वर्षानुवर्षे घसारा वजा करून उरवलेला बावीस हजारांचा आकडा. आपण हिशेबाला पक्के आहोत, असं वर मला ऐकवलं.

मी एका धुळकट मॉनिटरवर हात ठेवला. त्यावर नऊ हजारांची चिठ्ठी होती.

"आज असाच मॉनिटर घाऊक बाजारात केवढ्याला मिळतो?"

"साडेचारला. भाव पार कोसळलेत, मॅडम."

"मग हा जळाला तर तुमचं नुकसान किती?"

मालाचा विमा म्हणजे झालेल्या नुकसानीची भरपाई, मी सांगितलं. जळायच्या आधी मालाची बाजारात जी किंमत होती तेवढीच मिळते, त्यात नफासुद्धा धरत नाहीत. नऊ हजारांवर हप्ता भरलात तरी हातात साडेचारच पडणार, जास्तीचा हप्ता अक्कलखाती जमा. मशीनचं तसं नाही. त्याला नव्याच्या किमतीने विमा घेता येतो. तसलंच नवं मशीन आज आणायला जे पडेल ते मिळतं, पण त्यासाठी विमाही नव्याच्या किमतीचा हवा. बावीस हजार लिहिलेत तर नवं मशीन काय चतुर्थीच्या प्रसादात वाटणार आहेत?

त्यांच्या बायको काउंटरमागे शांतपणे स्टेपलर भरत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, त्या म्हणतात तसं लिहा." त्या गृहस्थांनी तोंड वाकडं करत नवे आकडे लिहिले. मशीनसमोर सव्वा लाख लिहिताना त्यांचा हात थबकला. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

चार महिन्यांनी सकाळी त्यांचा फोन आला. शॉर्टसर्किटने दुकान जळालं होतं. मी पोहोचले तेव्हा ते पायरीवर बसले होते. मशीनचा कोळसा झाला होता. माझं डोकं झरझर चालत होतं. खरेदीची बिलं हिशेबनिसाकडे सुरक्षित होती. नुकसान मोजणारे सर्व्हेअर आले, आग लागली त्या दिवसाचे घाऊक भाव त्यांनी काढले आणि मालाची भरपाई त्या भावाने ठरली. दोन महिन्यांत मालाचा चेक आला.

चेक हातात घेऊन ते म्हणाले, "आता मशीनचेही रोख द्यायला सांगा. मला नवं काही आणायचं नाही. दुकान बंद करतो."

हे ऐकून मी हादरले. त्यांना समोर बसवून सांगितलं, नव्याची किंमत मिळते ती नवं आणलंत तरच, आणि तेही वर्षाच्या आत. नाही आणलं तर कंपनी जुन्या मशीनची झीज वजा करून मोकळी होणार. रोख हवे असतील तर नव्याच्या निम्मेसुद्धा हाती पडणार नाहीत.

"म्हणजे तुमची कंपनी मला दुकान बंदही करू देणार नाही?"

"नाही," त्यांच्या बायको म्हणाल्या. "आणि मीही नाही."

मालाच्या चेकमधून त्यांनी मशीनची आगाऊ रक्कम भरली, उरलेल्यासाठी विक्रेत्याने दोन महिन्यांची मुदत दिली. मशीन आलं त्या दुपारी मी धावतच गेले. भिंतींना अजून धुराचा वास होता. दाव्याला जोडायला मशीनच्या बिलाची प्रत हवी होती. त्यांनी ते बिल काचेवर ठेवलं आणि बटण दाबलं. त्या मशीनवर निघालेली ही पहिलीच कॉपी. गरम कागद हातात घेऊन त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, जणू ते बिल आधी कधी पाहिलंच नव्हतं. डोळे भरून आले तसे ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"एक रुपया, मॅडम," ते तसेच म्हणाले. "दुकान चालू आहे."

मी पर्स उघडली आणि रुपया काउंटरवर ठेवला.