रखमाजीचा तळहात

जगात शहाणा माणूस एकच, आणि तो मार्गासनीहून रोज सकाळच्या एसटीनं नसरापूरला उतरतो, अशी रखमाजीची पक्की खात्री होती. बाकी सगळे दीडशहाणे. नसरापूरच्या एका दातांच्या दवाखान्यात तो सव्वीस वर्षं मदतनीस होता. शिक्षण नववी नापास, पण तोरा असा की पेशंट आधी त्याला रामराम घालायचे आणि मग डॉक्टरांना.

तोऱ्याचं कारण होतं त्याचा तळहात. जुन्या डॉक्टरांच्या काळात दाढेत भरायची चांदी तयार मिळत नसे, ती करावी लागे. चांदी, कथील आणि तांब्याची भुकटी काचेच्या खलात घ्यायची, तिच्यात जवळजवळ तितक्याच वजनाचा पारा ओतायचा आणि घोटायचं. मग गोळा फडक्यात घालून पिळायचा, जास्तीचा पारा थेंबाथेंबानं बाहेर. उरलेला गोळा तळहातावर घेऊन अंगठ्यानं मळायचा. जुने डॉक्टर ओरडायचे, "रखमाजी, रबराची टोपणं घाल बोटांना!" हा म्हणायचा, "रबराच्या बोटांना काय कळतंय, सायेब? कणीक काय मोजे घालून मळत्यात व्हय?" डॉक्टर कपाळाला हात लावायचे. पण रखमाजीनं मळलेली चांदी वीस-वीस वर्षं हलत नव्हती, हेही खरंच होतं.

जुने डॉक्टर थकले आणि सोनिया डॉक्टर आल्या. तिशीची पोरगी. तिनं पहिल्याच आठवड्यात खल अडगळीत टाकला. आता बंद कॅप्सूल आल्या होत्या. एका कप्प्यात पारा, दुसऱ्यात भुकटी, मोजून भरलेलं. मशीनमध्ये लावायची, काही सेकंद घर्रघर्र, की गोळा तयार. हात लावायचं कामच नाही. "आणि मामा, जुनी पाऱ्याची बाटली असेल तर माझ्याकडे द्या, ती घातक कचऱ्यात जायला हवी," ती म्हणाली. रखमाजी म्हणाला, "संपली कवाच." बाटली त्याच्या कपाटात, जुन्या कॅलेंडरांमागे होती. अर्धी भरलेली.

पेशंटांविषयी तर बोलायलाच नको. एकदा वेल्ह्याचा कुमार नावाचा मास्तर मोबाईल नाचवत आला. व्हिडिओत दाढेतून धूर निघताना दाखवला होता. "माझ्या तीन दाढांत चांदी आहे. तिन्ही उकरून काढा. विष आहे विष!" सोनिया डॉक्टरांनी तोंड तपासलं आणि साफ नाही म्हणाल्या. चांदी घट्ट आहे, खाली कीड नाही. चावताना वाफ येते ती अगदी थोडी, त्यानं धडधाकट माणसाला अपाय होतो असं दिसलेलं नाही. उलट उकरताना एकदम जास्त वाफ सुटेल आणि चांगली दाढही कुरतडली जाईल. मास्तर तणतणत गेला. रखमाजी दारापर्यंत सोडायला गेला, तो मुद्दाम. "मास्तर, रोज तंबाखूचा बार भरताय त्याचा व्हिडिओ न्हाई का कुठं?"

डॉक्टरांचंही त्याला पटायचं नाही ते वेगळंच. पोटुशी बाई आली, अंगावर पाजणारी आली, पंधराच्या आतलं पोर आलं, मूत्रपिंडाचा आजारी आला, की डॉक्टर चांदीचं नाव काढत नसत. पांढरं सिमेंट नाहीतर दुसरा पांढरा मसाला. "मग म्हणता विष न्हाई, आन भिता पण!" रखमाजी खवचटपणे विचारायचा. "ज्यांना जपायचं त्यांना जपायचं, मामा. आणि सगळ्या जगानंच हे हळूहळू बंद करायचं ठरवलंय." "जग!" रखमाजी नाक मुरडायचा. "जगाच्या किती दाढा भरल्यात म्या!"

पण या सगळ्यांना मिळून जेवढी तुच्छता मिळायची, तिच्या दसपट एकट्या माऊली सोनाराच्या वाट्याला होती.

चोवीस वर्षांपूर्वी रखमाजीचं लग्न झालं. सासरे गेनबा भोंगवलीचे, कष्टाळू माणूस. जावयाला अंगठी हवी म्हणून त्यांनी दोन म्हशींतली एक विकली आणि माऊलीकडून अंगठी करून घातली. चार महिने झाले नाहीत तोच अंगठी पांढरी पडली. मग तिला चीर गेली. रखमाजी तरातरा दुकानात गेला. माऊलीनं अंगठी उजेडात धरली, नखानं घासली आणि म्हणाला, "हिला पारा लागलाय. तुमच्याच हाताचा. सोनं पारा पितं. भट्टीत धरली तर पारा उडून सोनं परत वर येईल, पण तो धूर मी छातीत घ्यायचा न्हाई."

झालं! चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणून रखमाजीनं भर बाजारात माऊलीची अब्रू काढली. "माझा हात? आरं, माझ्या हातानं सारा तालुका चावतोय! चांदीला सोन्याचं पाणी दिलंस आन हाताला नावं ठेवतोस?" तेवढ्यावर थांबला असता तर तो रखमाजी कसला? भोंगवलीला जाऊन सासऱ्यालाही झाडाखालच्या पारावर चारचौघांत सुनावलं. "सोनाराशी साटंलोटं केलंसा. पोरगी दिली खरी, सोनं मातूर खोटं." गेनबा उठून घरी गेले. पुन्हा कधी ते मार्गासनीला आले नाहीत, आणि पाच वर्षांनी गेले. घरात बायकोला, ठकुबाईला, मात्र हा टोमणा रोजच्या भाकरीसारखा वाढला गेला. भाजीत मीठ कमी पडलं तरी, "बापावर गेलीस. दाखवायचं येक, द्यायचं येक." ठकुबाईनं ती चिरलेली अंगठी चिंधीत बांधून ट्रंकेत ठेवली होती. बापाची शेवटची वस्तू म्हणून.

तर तो माऊली परवा दवाखान्यात आला. गाल सुजलेला, मान खाली. दुसऱ्या दवाखान्यात पांढरं भरलेलं दोनदा निघालं होतं. रखमाजीच्या पोटात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

सोनिया डॉक्टरांनी दाढ कोरून साफ केली आणि आरशात दाखवली. "माऊलीशेठ, खड्डा हिरडीच्या खालपर्यंत गेलाय. तिथून रक्त झिरपतंय, तोंडात लाळही फार. पांढरा मसाला चिकटायला जागा कोरडी ठणठणीत लागते, इथं ती राहत नाही. म्हणून तो दोनदा निघाला. इथं मी चांदीच भरेन. ती थोडी ओल सोसते आणि दाढेवरचा जोरही सोसते."

"पारा असतो ना हो तीत?" माऊलीनं विचारलं. सोनारच तो. पाऱ्याशी त्याची ओळख पिढ्यांची.

"जवळजवळ अर्धा. बाकी चांदी, कथील, तांबं. पण मिसळला की तो धातूत बांधला जातो, मोकळा राहत नाही. मूत्रपिंडाचा त्रास नाही ना? मग काळजी नको." तिनं त्याच्या गालात कापसाच्या वळकट्या कोंबल्या आणि म्हणाली, "मामा, कॅप्सूल लावा."

कॅप्सूल! या भामट्यासमोर घर्रघर्र करून डबडी फिरवायची? चोवीस वर्षं ज्यानं या हाताला नावं ठेवली त्याला हात दाखवायचा नाही तर कधी? रखमाजीनं अडगळीतला खल आणला, कपाट उघडलं, कॅलेंडरं सारली, बाटली काढली. हल्ली त्याचा हात जरा थरथरायचा. वयाचं आहे, म्हणायचा तो. वय पन्नास. बूच निघता निघेना, म्हणून त्यानं हिसका दिला आणि बाटली फरशीवर फुटली. पारा खोलीभर पळाला. खुर्चीखाली, कपाटाखाली, भिंतीच्या कडेनं, नुसते चमकते मणी. रखमाजीनं झाडू उचलला.

"झाडू नका लावू!" सोनिया डॉक्टर किंचाळल्या. "बारीक थेंब होऊन आणखी वाफ होईल. पंखा बंद, खिडक्या उघडा. कुणी त्यावर पाय देऊ नका." मग त्या माऊलीकडे वळल्या. "शेठ, सांभाळून बाहेर चला. आणि हातातल्या अंगठ्या आधी खिशात टाका. हा मोकळा पारा आहे. सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं, ठिसूळ होतं, चीर जाते."

माऊली अर्धा उठला होता, तो तसाच थांबला. त्यानं शांतपणे गालातल्या कापसाच्या दोन्ही वळकट्या काढल्या.

"डॉक्टर," तो म्हणाला, "हे जरा मोठ्यानं परत सांगा."

ती बिचारी काहीच न समजून परत म्हणाली. सोनं, पारा, पांढरं, चीर. रखमाजी हातात झाडू धरून उभा. माऊलीनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि बाहेर गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी हातमोजे घालून खेळायच्या पत्त्याच्या कडेनं थेंब गोळा केले, सिरिंजनं ओढले, घट्ट झाकणाच्या बरणीत भरले, उरलासुरला पारा बांधला जावा म्हणून फटींत गंधक टाकलं. माऊलीच्या दाढेत बाहेरच्या खोलीत तात्पुरतं भरून त्याला दोन दिवसांनी बोलावलं. मग रखमाजीला समोर बसवलं. "मामा, लोक तोंडातल्या चांदीला भितात. त्यांचं तुम्ही हसू करता ते ठीक. पण तुम्ही मोकळा पारा उघड्या हातानं किती वर्षं मळलात? वाफ कुणाच्या छातीत गेली? हात थरथरतो तो दाखवा. उद्या लघवी तपासायची, पाऱ्यासाठी." नेहमीचा रखमाजी असता तर फाडकन काही बोलला असता. तो फक्त म्हणाला, "व्हय."

संध्याकाळच्या एसटीनं तो मार्गासनीला परतला. घरी ठकुबाई भाकरी थापत होती. तो चुलीसमोर बसला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अंगठी खोटी नव्हती. माऊली खोटा नव्हता. गेनबा तर नव्हतेच. "माझ्याच हातानं झालं गं ते."

ठकुबाईचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही. रखमाजीला वाटलं, रडेल. तिनं ट्रंक उघडली, चिंधी सोडली, पांढरी चिरलेली अंगठी त्याच्यासमोर जमिनीवर ठेवली.

"भोंगवलीच्या पारावर बोलला होता न्हवं? सगळ्या गावासमोर?"

"व्हय."

"मग उद्याच्या पयल्या यष्टीनं जायाचं. त्याच पारावर. माझा भाऊ, भावकी, समदी बोलावते मी. आन तवा जेवढ्या मोठ्यानं वरडला व्हता, तेवढ्याच मोठ्यानं वरडायचं."

"तपासणी हाय उद्या..." रखमाजी पुटपुटला.

"परवा करा," ठकुबाई म्हणाली. "माझ्या बापानं येकोणीस वर्सं वाट बघितलीया, मेल्यावर. तुमची लघवी येक दिस थांबंल."