काट्याच्या केबिनची केबल

मी क्षमाशील बाई नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळायचे. तिथल्या ऑफिस सुपरिटेंडेंटने माझं जे केलं, त्याचा राग आजही तेवढाच ताजा आहे.

उसाच्या वजनकाट्याचं काम त्या हंगामात मी कॉम्प्युटरवर आणलं होतं. ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन केबिनमधल्या कॉम्प्युटरवर यायचं, तिथून केबलने ऑफिसातल्या सर्व्हरवर जायचं, आणि सर्व्हरने होकार दिला की पावती छापली जायची. चाचणीत सगळं झटक्यात चाललं. काटापूजन झालं आणि दुसऱ्याच दिवसापासून पडदा थिजायला लागला. पावती अडायची, मग ‘सर्व्हरकडून उत्तर नाही’ असं यायचं. मागे रांग फाटकाबाहेर जायची.

‘‘ओ बाई, ऊस हितंच वाळाय लागला की!’’ ट्रॅक्टरवाले खिडकीत डोकं घालून ओरडायचे. बाकीचं काय बोलायचे ते मी लिहीत नाही.

ऑफिसात सगळ्या केबली जिथे जोडल्या होत्या, त्या हबवर माझं लक्ष गेलं. काट्याची केबल ज्या तोंडात खोचली होती, तिथला शंभरच्या वेगाचा दिवा विझलेला होता. केबल दहाच्या मंद वेगावर उतरली होती. मी केबल धरत धरत केबिनपर्यंत गेले. दाराच्या खांबाला पूजेचे ऊस आणि केळीचे खुंट बांधले होते. ते बांधताना बाइंडिंगची तार केबलवरूनच फिरवून पकडीने करकचून पिळली होती. केबलचं अंग तिथं चपटं झालं होतं. तार सुपरिटेंडेंटने स्वतः पिळली होती, वायरमनला हात लावू दिला नव्हता. सगळ्यांनी पाहिलं होतं.

मी सांगायला गेले, तर ते खुर्चीतून हललेही नाहीत.

‘‘बाई, ते पूजेचं हाय. हंगाम संपंस्तवर सोडायचं न्हाय. प्रोग्राम तुमचा बिघडलाय आन् तारंवर कशाला ढकलताय?’’

एवढ्यावर थांबले असते तर मी गप्प बसले असते. पण त्यांनी एमडी साहेबांकडे लेखी तक्रार केली. बाईला काम झेपत नाही, कंत्राट इथेच संपवावं, आणि आपल्या ओळखीचा एक मुलगा इंदापुरात आहे, असं त्यात होतं. एमडी साहेबांनी मला संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. नोकरी गेली असती तर मी बारामतीत कुणाच्या दारात जाणार होते? मी ठरवलं, नुसती नोकरी वाचवायची नाही. उट्टंही काढायचं.

जोडणीतून उरलेल्या केबलच्या दोन्ही टोकांना मी स्वतः प्लग दाबून बसवले आणि ती भिंतीच्या कडेने केबिनपर्यंत टाकली. मग एमडी साहेब, सुपरिटेंडेंट आणि रांगेतले पुढचे चार ट्रॅक्टरवाले केबिनशी बोलावले. तेच कॉम्प्युटर, तोच प्रोग्राम, हबचं तेच तोंड, फक्त केबल माझी. ऑफिसातून शिपाई ओरडला, ‘‘दिवा लागला, मॅडम!’’ पावती लगेच बाहेर आली. जुनी लावली, पडदा पुन्हा थिजला. मी हे तीनदा केलं. दुसऱ्यांदाच सगळ्यांना पटलं होतं, तिसऱ्यांदा मी माझ्या समाधानासाठी केलं.

‘‘असं का होतं?’’ एमडी साहेबांनी विचारलं.

‘‘आत तारांच्या जोड्या असतात. जोडणी होताना दोन्ही टोकं त्यांच्यावरून बारीक इशारे देऊन वेग ठरवतात. जोडी चिरडली की इशारे तुटक पोचतात आणि दोघं मंद वेगावर बसतात. त्यावरही पावती निघाली असती. पण त्या जोडीतून जाणारी माहितीही बिघडते, पुन्हा पुन्हा पाठवावी लागते, आणि तेवढ्यात सर्व्हरची वाट पाहण्याची वेळ संपते.’’

‘‘ही तार कुणी पिळली?’’

 आपल्या उसाबरोबर आलेले एक म्हातारे बागायतदार सुपरिटेंडेंटकडे बोट करून म्हणाले, ‘‘ह्या साहेबांनीच की. आमी हुतो तितं.’’

सुपरिटेंडेंट मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘मॅडम, झालं ते झालं. बाहेर नका बोलू.’’ आतापर्यंत मी बाई होते, आता मॅडम झाले.

मी एमडी साहेबांकडे वळले. ‘‘साहेब, पक्की केबल पाइपातून टाकायला वायरमनला दुपार लागेल. तोवर पावत्या हाताने लिहाव्या लागतील. काटा यांना चांगला ठाऊक आहे.’’

एमडी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुपरिटेंडेंटकडे. ‘‘बसा,’’ म्हणाले.

माझी तात्पुरती केबल चालतच होती. ती मी गुंडाळून ऑफिसात नेली आणि कुणी विचारलं नाही.

सुपरिटेंडेंट खिडकीशी बसले. त्यांचं अक्षर मोठं होतं, हात सावकाश होता. रांग फाटकाबाहेर गेली आणि ट्रॅक्टरवाल्यांनी खिडकीत डोकी घातली. मला ऐकवलेलं सगळं त्यांना ऐकवलं, वर थोडं जास्तच. मी समोरच्या टपरीवर चहा घेत उभी होते. चहा संपला तेव्हा आणखी एक मागवला.