सौद्याआधीची ओळ

लातूरच्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये ज्योत्स्ना सोनकांबळे अकरा वर्षं रक्ताचे नमुने तपासत होती. दुपारी दोनला ड्यूटी संपली की ती स्टोअरच्या खोलीत डबा उघडायची आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून डॉलर-रुपयाच्या वायद्यात सौदे करायची. हे २०२३ सालचं. तेव्हा थोडेच पैसे असलेल्यालाही त्या बाजारात सहज शिरता यायचं. एक लॉट म्हणजे हजार डॉलर, भाव एका पैशानं हलला की लॉटमागं दहा रुपये इकडचे तिकडे.

मे महिन्यापासून तिनं एक वही ठेवली होती. काय घेतलं, का घेतलं, किती आलं, किती गेलं. तरीही जुलैअखेर सतरा हजार साफ झाले होते. तेही मुलगी अक्षराच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पैशातले. घरी नवऱ्याला, धम्मानंदला, तिनं आकडा सांगितला नव्हता.

एके दिवशी वही टेबलावर उघडी राहिली आणि उदगीरच्या नागप्पाकाकांनी ती वाचली. काका लॅबमधले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. वायद्यातलं त्यांना काही कळत नव्हतं.

"नफा झाला तिथं चार-चार ओळी कारण लिहिलंस," ते म्हणाले. "तेल महागलं म्हणून, अमुक म्हणून. तोटा झाला तिथं नुसतं 'बातमीनं घात केला'. हे कधी लिहितीस गं? आधी का मागून?"

"मागून, काका. घाईत आधी कुठं जमतंय?"

"मग ते कारण न्हाई. रिपोर्ट बघून रीडिंग भरल्यासारखं हाय."

तिला ते झोंबलं. त्या रविवारी ती वही घेऊन बसली, कारणांच्या रकान्यावर कागद ठेवून तो झाकला आणि फक्त वेळा आणि आकडे पाहिले. एकूण एक्केचाळीस सौदे. त्यातले चौदा सौदे आधीच्या तोट्यानंतर अर्ध्या तासाच्या आत केलेले, आणि बहुतेक दुप्पट लॉटचे. चौदापैकी अकरा बुडाले होते. त्या चौदांनी मिळून एकोणीस हजार खाल्ले होते. उरलेल्या सत्तावीस सौद्यांत ती दोन हजारांनी पुढंच होती. तिनं बेरीज तीनदा केली. तीच आली. बाजारानं नाही, त्या अर्ध्या तासानं तिला बुडवलं होतं.

सोमवारपासून तिनं नियम केला. कारण आधी लिहायचं, मग बटण दाबायचं.

गुरुवारी दुपारी तिनं लिहिलं, "कालपासून भाव खाली आला की इथूनच उचलतोय. ८२.७४ ला पाच लॉट घ्यायचे. ८२.६२ ला बाहेर." त्या भावाला सौदा आपोआप कापणारा स्टॉपलॉसही लगेच लावला. भाव ऐंशी पैशांपर्यंत गेला, अडखळला आणि घसरू लागला. सत्तर. सहासष्ट. तिचा अंगठा स्टॉपलॉस बदलण्याच्या खुणेवर गेला. पन्नासवर नेला तर? आत्ता वळेल. पोळीचा घास तोंडात तसाच राहिला. चौसष्ट. तिनं मोबाईल पालथा घातला. सुलटा केला तेव्हा सौदा कापला गेला होता. सहाशे रुपये गेले.

भाव ८२.६० वर थांबलेला. आलेखावर भाव चढत असल्याची हिरवी कांडी उभी राहत होती. दहा लॉट घेतले तर सहा पैशांत सगळं परत. तिनं लॉटच्या जागी दहाचा आकडा टाकला, मग नियम आठवून पेन उचललं. कारणाच्या रकान्यात हात आपोआप लिहून गेला, "मघाचे काढायचेत."

ती त्या दोन शब्दांकडं बघत राहिली. भाव बासष्ट झाला. त्रेसष्ट. दुसरं काही कारण सुचतं का म्हणून तिनं खरोखर डोकं खाजवलं. सुचलं नाही.

दारात नागप्पाकाका उभे होते. "घेतलं का?"

"न्हाई अजून."

"घाम आलाय तुला."

तिनं ॲप बंद केलं आणि मोबाईल त्यांच्या हाती दिला. "पाच वाजेपर्यंत तुमच्याकडं ठेवा, काका. बाजार बंद झाल्यावर द्या."

पाचला पाहिलं तर भाव ८२.८१ वर बंद झालेला. तो सौदा केला असता तर दोन हजार सुटले असते. तिला रडू आलं. तिनं वही उघडून लिहिलं, "केला नाही. केला असता तर नफा झाला असता. पण कारण नव्हतं."

त्या संध्याकाळी तिनं धम्मानंदपुढं वही ठेवली. तो बराच वेळ पानं उलटत राहिला. "सतरा हजार," तो म्हणाला, "आणि मला तू आज सांगतीस?"

"कशानं गेले ते मलाच ह्या आठवड्यात कळलं."

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "पाच लॉटच्या वर जायचं न्हाई. आणि वही मीबी बघणार." तिनं मान्य केलं.

पुढच्या आठ महिन्यांत तसला घाईचा सौदा तिच्या हातून एकदाच झाला, दिवाळीच्या आठवड्यात. तोही तिनं जसाच्या तसा लिहिला. सतरा हजारांपैकी नऊ परत आले. मग २०२४ च्या उन्हाळ्यात नियम कडक झाले, ज्याचा डॉलरशी खराखुरा व्यवहार आहे त्याच्यापुरताच तो बाजार उरला, आणि ज्योत्स्नानं खातं बंद केलं. आठ हजार गेले ते गेलेच. अक्षराच्या फीमधली ती तूट तिनं वर्षभर रविवारच्या जादा ड्यूट्या करून भरली.