सहा नग

उषाबाईने सहावा फुलका तव्यावरून उचलला, तूप चोपडलं आणि दगाच्या डब्यात टाकला. दगा तिचा धाकटा दीर, सुरतजवळ कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर कामाला. दोन महिन्यांपूर्वी टीबी निघाला. दवाखान्यातल्या कविताताईने कागदावर लिहून दिलं होतं, औषधासोबत डाळ, अंडं आणि रोज सहा भाकरी.

उषाबाई वीस जणांचे डबे करते. डब्याच्या धंद्यात रोटी असो का भाकरी, मोजायची नगावर. दगाला खोकल्यात कोरडी भाकरी अडकायची, म्हणून तिने सहा भाकरींच्या जागी सहा मऊ फुलके केले. सहा म्हणजे सहा.

दुसऱ्या महिन्याला दगाच्या वजनाचा काटा एकेचाळीस किलोवरून एकोणचाळीसवर आला.

कविताताई घरी आली. "खातो ना हा?"

"डबा चाटून पुसून येतो, ताई."

"दाखवा बरं कसं करता."

उषाबाईने एका फुलक्यापुरती कोरडी कणीक काढली, मग ज्वारीच्या भाकरीएवढं पीठ काढलं. ताईने मसाला तोलायचा काटा मागितला. फुलक्याचं पीठ भरलं पंचवीस ग्रॅम, भाकरीचं पंच्याहत्तर.

"बघा, एका फुलक्यात ऐंशी-पंच्याऐंशी कॅलरी, प्रोटीन अडीच-तीन ग्रॅम. ज्वारीच्या भाकरीत अडीचशे आणि साडेसात. बाजरीत थोडं जास्तच. वजनाला वजन लावलं तर गहू काही कमी नाही. पण तुम्ही नग मोजले. सहा भाकरींच्या जागी पोटात दोनच गेल्या."

उषाबाई काट्याकडेच बघत राहिली. "मग नाचणीची करू? ताकदीची म्हणतात."

"नाचणी हाडांना चांगली. प्रोटीन पाचच ग्रॅम. ज्वारी-बाजरीच करा, डाळीत कुस्करून द्या."

दगा खाटेवरून म्हणाला, "वहिनी, आता मला पैलवान करशील."

"गप रे, आधी माणूस हो."

त्या दिवसापासून सकाळी तीन, सांजच्याला तीन. घामाघूम होऊन थापायची, वरणात कुस्करायची, समोर बसून खाऊ घालायची. काटा एकदा किलोभर वर गेला. शेजारच्या सुमनने सांगितलं, बाई, आता थोडा आराम कर. तिने ऐकलं नाही.

दिवाळीच्या आधी दगा गेला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुप्फुसं आधीच खराब झाली होती, जेवणाने काही झालं नाही. लोकांनीही तेच सांगितलं. उषाबाईने कुणाचंच मानलं नाही. डबे मात्र बंद केले नाहीत. आता भाकरी मागणाऱ्याला ती आधी विचारते, किती मोठी?

दोन महिन्यांनी लूमवरचा धुडकू डबा घ्यायला आला आणि बोलता बोलता बोलून गेला. फुलक्यांच्या त्या दिवसांत दगाचं पोट भरायचं नाही. तो जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांच्या डब्यातल्या उरलेल्या रोट्या मागून खायचा, आणि सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, वहिनीला कळू देऊ नका, तिला वाटेल आपणच कमी वाढलं.