हाताला न लागलेलं

आप्पांच्या डाव्या हाताचा भलताच दरारा होता. गुरांचे डॉक्टर म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, तरी म्हैस तपासायला लोक बोलवायचे ते त्यांनाच. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा, शेपटीखालून हात आत, डोळे मिटलेले, आणि मग निकाल: गाभण किंवा रिकामी. त्यावर अपील नाही! गाभण ओळखणं हा आपल्या डाव्या हातचा मळ, हा विनोद ते दर वेळी करायचे, कुणी हसो न हसो.

त्यांच्या थोरल्या भावाच्या मागे वहिनी एकट्या उरल्या होत्या, आणि त्यांची एक म्हैस. आप्पांनी ती दोनदा गाभण सांगितली, दोनदा महिने उलटल्यावर रिकामी निघाली. दोन्ही वेळा आप्पा वहिनींवरच घसरले, "तुम्हीच ही उन्हातान्हात पळवली असणार. गाभ टाकला तिनं." वहिनी "नाही हो, भावजी" एवढंच म्हणायच्या आणि मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. आता तिसरी खेप. दोन महिने झाल्यावर आप्पांनी हात घातला आणि सांगितलं, गाभण. वहिनींच्या शहरातल्या मुलानं मात्र बजावलं होतं, या वेळी रिकामी निघाली तर कसायाला देणार.

वहिनी आप्पांकडे गेल्याच नाहीत, आप्पांच्या मुलीकडे गेल्या. तीही गुरांची डॉक्टर, पण सोनोग्राफीचं मशीन घेऊन फिरणारी.

"सांज झाली की भिंतीकडे तोंड करून उभी राहते गं," वहिनी म्हणाल्या. "पोटाला कान लावते मी. कुणी राहून गेलेल्या खोलीसारखं वाटतं."

"काकू, कानाला काही कळत नाही. चला, बघूया."

आप्पा न बोलावता आले. पडदा नीट दिसावा म्हणून गोठ्याच्या दाराला पोती लावली होती. भर दुपारी आत काळोख. म्हैस भिंतीकडे बघत होती, शेपूटसुद्धा हलवत नव्हती. पडद्यावर काळं पाणी उमटलं आणि त्यात तळाशी पांढुरकं काहीतरी निजलेलं दिसलं.

"आहे की!" आप्पा म्हणाले.

"आहे. पण या वयाला छातीत लुकलुकायला हवं, आप्पा. ठोका दिसायला हवा."

तिघंही बघत राहिले. पाण्यात बारीक कण तरंगत होते. तेवढेच हलत होते. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"पिशवी मोकळी करायची सुई दे मग," आप्पा म्हणाले.

"एका नजरेवर मेलं म्हणणार नाही मी. चुकून जिवंत असलं तर त्या सुईनं जाईल. आठवड्यानं परत."

आठवड्यानं पाणी गढूळ झालं होतं आणि ते पांढरं विरघळल्यासारखं पसरलं होतं. आप्पांनी हट्टानं मोजा चढवला. गर्भपिशवीचं एक शिंग, म्हणजे तिच्या दोन फाट्यांपैकी एक, जाड, पाण्यानं तट्ट, अगदी गाभण म्हशीचं असावं तसं. त्यांचा हात शपथेवर सांगत होता, गाभण. आत मेलेलं घेऊन ती म्हैस माजावरही आली नव्हती, कारण तिच्या अंगालाही तेच वाटत होतं. सगळ्यांनी मिळून मेलेल्याची वाट पाहिली होती. आप्पांना मागच्या दोन खेपा आठवल्या, आणि आणखी कितीतरी गोठे, जिथे त्यांनी कुणा ना कुणा बाईला दोष देऊन हात धुतले होते.

सुईनं पिशवी मोकळी झाली. म्हैस माजावर आली, पुढचा माज साधून रेतन झालं. वहिनींच्या मुलानं त्यांना आणखी महिन्याची मुदत दिली. महिना जेमतेम उलटला आणि पोती पुन्हा दाराला लागली.

"आधी मी," आप्पा म्हणाले.

"जपून. दाबू नका."

डोळे मिटून त्यांनी हळुवार चाचपलं. दोन्ही शिंगं बारीक, मऊ, सारखी. त्यांनी हात काढला तेव्हा तोंड उतरलं होतं. "काही नाही हो, वहिनी," ते म्हणाले. "रिकामी आहे."

मुलीनं मशीनचा प्रोब आत घातला. काळ्या पाण्याचा लहानसा ठिपका, त्यात शेंगदाण्याएवढा जीव, आणि त्याच्या मधोमध काहीतरी घाईघाईनं उघडमीट करत होतं. आवाज नव्हता. एवढ्या काळोखात एवढी घाई, कुणालाही न कळता.

"हे..." आप्पा पडद्याकडे वाकले.

"काळीज," मुलगी म्हणाली.

आप्पा आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. जिथं मेलं होतं तिथं या हाताला सगळं लागलं, आणि जिथं जीव धडधडतो आहे तिथं काहीच नाही. त्यांनी मोजा उतरवला, वहिनींपुढे जाऊन उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला वाकले.

"अहो भावजी, हे काय!" वहिनी मागे सरल्या.

"तुम्ही म्हैस कधीच पळवली नव्हतीत, वहिनी."

"मी तेच सांगत होते," वहिनी म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांना रडू आवरेना.